दुसरी खोली: रात्रीच्या एका तक्रारीचा प्रकरण अभ्यास

पाहुण्याने खोलीबद्दल तक्रार केली की बहुतेक हॉटेलांत एकच उत्तर तयार असतं: माफी मागा, खोली बदलून द्या, काहीतरी सवलत द्या. यात चूक काही नाही. पण खोली बदलणं हा उपाय आहे असं आपण धरून चालतो आणि दुसरी खोली खरोखर उपाय आहे का, हे कुणी वर जाऊन बघत नाही. खाली दिलेल्या प्रकरणात पाहुणीला एका रात्रीत दोनदा खोली बदलावी लागली. पहिला बदल फसला, दुसरा जमला. दोन्ही वेळी हॉटेल तेच, रात्र तीच, रिकाम्या खोल्यांची यादीही जवळपास तीच होती. फरक कुठे पडला ते बघण्यासारखं आहे.

प्रकरण एका मध्यम आकाराच्या, बहुमजली शहरी हॉटेलचं आहे. हॉटेलचं आणि माणसांची नावं देण्याची गरज नाही.

रात्र कशी गेली

पाहुणी कामानिमित्त एकट्या आलेल्या. तीन रात्रींचं बुकिंग, दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला महत्त्वाची बैठक. रात्री ९:४० ला चेक-इन झालं, खोली ६१४ मिळाली. चेक-इन करतानाच त्यांनी सकाळी ६:१५ चा वेक-अप कॉल सांगून ठेवला होता. हा तपशील पुढे लागणार आहे.

१०:५५ ला त्यांचा रिसेप्शनला पहिला फोन आला. बाथरूमच्या कोपऱ्यात केस आहेत, एका उशीच्या अभ्र्यावर तपकिरी डाग आहे, आणि पलंगामागच्या भिंतीतून मधूनमधून आवाज येतोय, असं तीन गोष्टींचं ते बोलणं होतं. रिसेप्शनवरच्या मुलाने नम्रपणे ऐकून घेतलं आणि लॉगबुकात लिहिलं: ‘६१४, बाथरूम स्वच्छता, अभ्रा बदलणे.’ आवाजाचा भाग नोंदीत आलाच नाही. त्यात मुद्दाम काही नव्हतं. घाण दिसते, तिच्यासाठी पाठवायला माणूस ठरलेला असतो, म्हणून ती लगेच कागदावर उतरते. ‘मधूनमधून येणारा आवाज’ कुणाकडे पाठवायचा हे चटकन सुचत नाही, म्हणून तो गळतो. एका फोनमध्ये दोन तक्रारी असल्या की धूसर असलेली तक्रार मागे पडते, हे लॉगबुकं चाळली तर वारंवार दिसतं.

११:१० ला हाउसकीपिंगचा रात्रपाळीचा मुलगा आला, बाथरूम पुसून, अभ्रे बदलून गेला. रिसेप्शनच्या दृष्टीने तक्रार मिटली.

११:३५ ला दुसरा फोन आला, या वेळी फक्त आवाजाबद्दल. मेंटेनन्सचा माणूस पंधरा मिनिटांनी वर गेला. खोलीत दोन-तीन मिनिटं उभा राहिला, एसी बंद-चालू करून पाहिला आणि म्हणाला, ‘‘मॅडम, एसी एकदम ठीक आहे. आत्ता तर काहीच आवाज नाही.’’ खरंच नव्हता. तो लिफ्टपर्यंत पोचला असेल नसेल तेवढ्यात भिंतीत पुन्हा घरघर सुरू झाली आणि ती थांबताना ठक्क वाजलं.

१२:२० ला पाहुणी स्वतः खाली आल्या. इथला संवाद लॉगबुकात नव्हता, पण नंतर दोघांनीही तो जवळजवळ सारखाच सांगितला.

‘‘मॅडम, माणूस येऊन बघून गेलाय. त्या खोलीबद्दल याआधी कुणाचीच तक्रार नाही हो.’’

‘‘म्हणजे मी खोटं बोलतेय का?’’

‘‘तसं नाही मॅडम. मी तुम्हाला आजच्या रात्रीवर दहा टक्के सवलत देऊ शकतो.’’

‘‘मला सवलत नकोय. मला झोपायचंय.’’

मग मुलाने स्क्रीनवर पाहिलं, ७१४ रिकामी आणि ‘स्वच्छ’ दिसत होती. अगदी तशीच खोली, एक मजला वर. ‘‘वरचा मजला शांत आहे,’’ असं सांगून त्याने नवं की-कार्ड बनवून दिलं. १२:४० ला त्या सामानासह ७१४ मध्ये गेल्या. १२:५८ ला तिथून फोन आला: तोच आवाज.

इथून ड्युटी मॅनेजरने प्रकरण हातात घेतलं. १:३५ ला पाहुणी तिसऱ्या खोलीत, ६४१ मध्ये होत्या, आणि तिथे त्या झोपल्या.

तक्रारीचं रूप बदललं ती जागा

१०:५५ ची तक्रार खोलीबद्दल होती. १२:५८ ची तक्रार हॉटेलबद्दल होती. पाहुणी तीच, आवाज तोच, पण मधल्या दोन तासांत प्रश्नाचं स्वरूप बदललं. सेवा चुकणं ही पहिली चूक, आणि ती निस्तरताना पुन्हा चुकणं ही दुसरी. सेवा क्षेत्राच्या अभ्यासक मेरी जो बिटनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये हॉटेल, उपाहारगृहं आणि विमान कंपन्यांच्या ग्राहकांकडून सुमारे ७०० प्रसंग गोळा करून अभ्यास केला होता. ग्राहक नाराज झालेल्या बऱ्याच प्रसंगांमध्ये मूळ चुकीपेक्षा चुकीनंतर कर्मचारी कसे वागले, काय म्हणाले, हे निर्णायक ठरलेलं दिसतं. या दुहेरी चुकीला अभ्यासक ‘डबल डेव्हिएशन’ म्हणतात. घाणेरडा अभ्रा लोक विसरतात. ‘आम्ही पाहिलंय, काही नाही’ हे विसरत नाहीत.

‘याआधी कुणाची तक्रार नाही’ हे वाक्य रिसेप्शनवर फार सहज येतं, कारण ते बोलणाऱ्याला धीर देतं. ऐकणाऱ्याला मात्र त्यातून एकच अर्थ लागतो. शिवाय या प्रकरणात ते वाक्य खोटं निघालं. नंतर जुनी लॉगबुकं पाहिली तेव्हा ५१४ आणि ६१४ मधून त्याआधीच्या महिन्यांत ‘एसीचा आवाज’ म्हणून नोंदवलेल्या तक्रारी सापडल्या. त्या पाहुण्यांच्या नावाखाली लिहिलेल्या होत्या, पाहुणे निघून गेले आणि नोंदी त्यांच्याबरोबर गेल्या. खोलीच्या नावाखाली त्या कुठेच जमा झाल्या नव्हत्या.

सवलतीचंही तेच. दहा टक्के ही रक्कम कमी की जास्त हा प्रश्नच नव्हता. त्रास चालू असताना पैशाची गोष्ट काढली की पाहुण्याला वाटतं, हे आपल्याला गप्प बसवू पाहताहेत. आधी झोपेची सोय, मग हिशोब. हा क्रम उलटा झाला की भरपूर दिलेलं दानही अपमान वाटतं.

७१४ मध्येही तोच आवाज का?

हा भाग मला या प्रकरणात सर्वात मोलाचा वाटतो, कारण तो रिसेप्शनवर बसणाऱ्यांना सहसा कुणी शिकवत नाही.

बहुमजली हॉटेलात खोल्या एकावर एक रचलेल्या असतात. ५१४ वर ६१४, त्यावर ७१४, सगळ्यांची बाथरूम एकाच उभ्या रेषेत. पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप एकाच उभ्या शाफ्टमधून, म्हणजे भिंतीमागच्या पोकळीतून, सगळ्या मजल्यांना जातात, आणि बऱ्याचदा शेजारच्या दोन खोल्या तो शाफ्ट वाटून घेतात. म्हणून पाइपातला आवाज वर-खाली पळतो. रस्त्यावरच्या गोंगाटासाठी वरचा मजला कामाचा असतो, पण भिंतीतल्या आवाजासाठी वर जाणं म्हणजे त्याच पाइपाजवळ राहणं. अशा वेळी पाहुण्याला आडवं हलवावं लागतं: त्याच मजल्यावर असेल तरी चालेल, पण दुसऱ्या शाफ्टवर, शक्यतो दुसऱ्या विंगमध्ये.

आवाज नेमका कसला होता, हे दुसऱ्या दिवशी मेंटेनन्स प्रमुखांनी शोधलं. वरच्या मजल्यांना दाब मिळावा म्हणून बूस्टर पंप बसवलेला होता. पंपाजवळ हवा भरलेली एक प्रेशर टाकी असते. टाकीतली दाबलेली हवा थोडं पाणी दाबाखाली धरून ठेवते, त्यामुळे कुणी जरासा नळ सोडला तर पंपाला लगेच सुरू व्हावं लागत नाही. या टाकीतली हवा जवळजवळ संपलेली होती. त्यातच कुठल्यातरी खोलीतला फ्लश टँक हळूहळू गळत होता. परिणाम असा की पाणी कुणी वापरत नसतानाही दाब उतरायचा, पंप सुरू व्हायचा, वीसेक सेकंदांत दाब भरून बंद पडायचा, आणि बंद होताना पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आपटायचा. ती घरघर आणि तो ठोका पाइपातून वर जायचा. ‘१४’ च्या रांगेत पाइप धरणाऱ्या क्लॅम्पांचं रबर गेलेलं होतं, लोखंड थेट भिंतीला टेकलं होतं, आणि त्या भिंतीला पलंगाची डोक्याकडची बाजू लागून होती.

दिवसा हे कुणाच्या लक्षात येत नव्हतं, कारण पाण्याचा वापर सतत असतो, पंप जवळजवळ सलग चालतो, आणि इमारतीत इतर आवाज असतात. रात्री वापर थांबला की पंप बंद-चालू व्हायला लागतो. साधारण आठ मिनिटांनी एकदा. आता मेंटेनन्सच्या माणसाचं काय चुकलं ते कळतं. तो प्रामाणिकपणे गेला, प्रामाणिकपणे ऐकलं, पण तीन मिनिटं. आठ मिनिटांनी एकदा येणारा आवाज तीन मिनिटांत सापडण्याची शक्यता निम्म्याहूनही कमी. त्याला विचारायला हवं होतं ते एवढंच: ‘‘मॅडम, साधारण किती वेळाने येतो? किती वेळ टिकतो? थांबताना कसा थांबतो?’’ पाहुणी दोन तास तो आवाज ऐकत पडल्या होत्या. त्यांच्याइतकी चांगली माहिती कुणाकडेच नव्हती.

आवाजाच्या मोठेपणाबद्दल एक गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत झोपण्याच्या खोलीत सतत चालणारा आवाज ३० डेसिबलच्या आत आणि सुटा, अचानक येणारा आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा असं सुचवलेलं आहे. दोन वेगळे आकडे देण्यामागे कारण आहे. पंख्याच्या एकसुरी आवाजाला कान सरावतो, आपटण्याच्या आवाजाला सरावत नाही. शिवाय थोड्या वेळाने तो पुन्हा येणार हे माहीत असलं की माणूस त्याची वाट बघत जागा राहतो. म्हणून ‘फार मोठा नाही हो’ हे उत्तर अशा तक्रारीला लागू पडत नाही.

ड्युटी मॅनेजरने काय केलं

एक वाजता ड्युटी मॅनेजर स्वतः ७१४ मध्ये गेल्या. दारात उभं राहून, दार उघडं ठेवून म्हणाल्या, ‘‘तुम्ही चार वेळा सांगितलंत आणि आम्ही नीट ऐकलं नाही. त्याबद्दल मी माफी मागते. मला तो आवाज स्वतः ऐकायचाय, मी इथे थांबले तर चालेल का?’’ पाहुणींनी आत घेतलं. सहा-सात मिनिटांनी घरघर झाली, ठोका वाजला. ‘‘ऐकू आला,’’ ड्युटी मॅनेजर म्हणाल्या. मला वाटतं या रात्रीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच. त्यानंतर पाहुणींचा आवाज खाली आला, कारण आता त्यांना काही सिद्ध करायचं उरलं नव्हतं.

मग त्यांनी वेळ सांगितली. ‘‘मला पंधरा-वीस मिनिटं द्या. दुसरी खोली मी आधी स्वतः बघणार, मगच तुम्हाला नेणार. तोवर सामान आवरायची घाई करू नका.’’ लगेच चावी देण्यापेक्षा हे उत्तर हळू वाटतं. पण पाहुणी एकदा घाईत हललेल्या होत्या. त्यांना दुसऱ्यांदा घाई नको होती, खात्री हवी होती.

६१४ सोडली तर त्या वेळी पाच खोल्या रिकाम्या होत्या. ८१४ त्याच शाफ्टवर, ती लगेच बाद. ३०२ ही समारंभाच्या सभागृहाच्या वर होती आणि खाली मंडप उतरवण्याचं काम पहाटेपर्यंत चालणार होतं, तीही बाद. ७१८ लिफ्टच्या भिंतीला लागून. ५३३ ला शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार होतं आणि शेजारी लहान मुलासह कुटुंब होतं. अशी दारं नुसत्या भिंतीपेक्षा खूप जास्त आवाज आत सोडतात, ती कितीही घट्ट बंद असोत. राहिली ६४१, दुसऱ्या विंगमध्ये, कॉरिडॉरच्या टोकाला, एक प्रकार वरची. संगणक या पाचही खोल्या सारख्याच ‘रिकामी, स्वच्छ’ दाखवत होता. त्या वेगळ्या आहेत हे फक्त इमारत पायाखाली घालणाऱ्याला माहीत होतं.

त्यांनी हाउसकीपिंगच्या मुलाला बरोबर घेतलं आणि ६४१ मध्ये गेल्या. बाथरूममध्ये वापरलेला एक ग्लास होता, कचऱ्याच्या डब्यात एक पाकीट. ही खोलीसुद्धा ६१४ सारखीच ‘स्वच्छ’ होती.

इथे थोडं थांबायला हवं, कारण रात्रीच्या सुरुवातीची घाण इथूनच आली होती. खोली साफ करणारा कर्मचारी काम संपलं की फोनवरून तिची स्थिती ‘स्वच्छ’ करतो. त्यानंतर सुपरवायझरने जाऊन पाहायचं आणि ती ‘तपासलेली’ करायची, अशी पद्धत असते. त्या दिवशी उशिरा रिकाम्या झालेल्या बऱ्याच खोल्या होत्या आणि संध्याकाळच्या सुपरवायझरची पाळी संपली होती. ‘स्वच्छ’ पण ‘न तपासलेल्या’ खोल्या रिसेप्शनला पाहुण्यांना देता येत होत्या, सिस्टीमने कुठेच अडवलं नाही. साफ करणाऱ्या माणसाला स्वतःचं राहून गेलेलं दिसत नाही, यात त्याचा दोष नाही. सलग बऱ्याच खोल्या उरकून डोळे थकतात. दुसरे डोळे त्यासाठीच असतात, आणि त्या संध्याकाळी ते नव्हते. चादर ताणलेली, टॉवेल घडी केलेले, मग कोपऱ्यातला केस कोण बघणार? तो दिसतो उघड्या पायाने आत जाणाऱ्या पाहुण्याला.

मुलगा ग्लास आणि डबा आवरत असताना, चादर उलगडून गादीचं कव्हर बघत असताना, ड्युटी मॅनेजर पलंगाच्या डोक्याशी बसून राहिल्या. आधी एसी चालू ठेवून, मग बंद करून. फ्लश सोडून पाहिला, तो भरून थांबेपर्यंत ऐकलं. दहा मिनिटं, म्हणजे पंपाच्या एका फेरीपेक्षा जास्त वेळ. सफाईला तेवढा वेळ लागणारच होता, त्यामुळे ऐकण्यासाठी वेगळा वेळ गेला नाही. काही आलं नाही तेव्हा त्यांनी खोली पक्की केली.

खोलीबरोबर काय काय हलवावं लागतं

पाहुणी आणि बॅगा हलल्या की खोली बदलली असं वाटतं. सिस्टीममध्ये मात्र कितीतरी गोष्टी जुन्या नंबराला चिकटून राहतात. रिसेप्शनच्या मुलाने १२:४० ला केलेल्या बदलात यातल्या दोन सुटल्या होत्या, आणि तिसरी ६४१ देताना सुटू शकली असती.

पहिली, वेक-अप कॉल. तो ६१४ वर लागलेला होता. सकाळी ६:१५ ला रिकाम्या खोलीत फोन वाजला असता आणि पाहुणींची बैठक हुकली असती. आवाजाच्या तक्रारीचा शेवट असा झाला असता तर नंतर कोणतीही भरपाई पुरली नसती. ड्युटी मॅनेजरने तो ६४१ वर बदलला आणि ‘‘सव्वासहाला फोन येईल’’ असं पाहुणींना पुन्हा सांगितलं.

दुसरी, जुनी खोली. ६१४ अजून विक्रीसाठी मोकळी दिसत होती, आणि पाहुणी हलल्यावर ७१४ ही तशीच दिसणार होती. रात्री दोनला कुणी आगाऊ बुकिंग नसलेला पाहुणा आला असता तर त्याला नेमकी तीच खोली गेली असती. म्हणून दोन्ही ‘आउट ऑफ ऑर्डर’ केल्या, कारणात ‘आवाज, १४ ची रांग, पाइप’ असं लिहून. जुनी की-कार्डं बंद केली. ६१४ मध्ये जाऊन कपाट, तिजोरी, प्लगमधला चार्जर आणि बाथरूमचा कट्टा पाहिला. पाहुणींचा चष्मा तिथेच राहिला होता.

तिसरी गोष्ट सर्वात लपलेली असते: दर. ६४१ वरच्या प्रकारची खोली. सिस्टीममध्ये नुसता नंबर बदलला तर उरलेल्या रात्री काही ठिकाणी वरच्या प्रकाराच्या दराने लागतात, आणि पाहुण्याला ते तिसऱ्या दिवशी बिलात कळतं. चूक आपली, आणि वाढीव बिल त्यांचं. म्हणून कोणत्या प्रकाराच्या खोलीचे पैसे लावायचे हे वेगळं ठरवून द्यावं लागतं, आणि आधीचा फोलिओ, म्हणजे पाहुण्याचं चालू बिलाचं खातं, नव्या खोलीत बरोबर आला का हे बघावं लागतं. त्यांनी दर जुनाच ठेवला आणि शेरा लिहिला: ‘हॉटेलच्या कारणाने बदल, तिन्ही रात्री मूळ दर.’

याशिवाय आग लागली किंवा इमारत रिकामी करावी लागली तर कोण कुठे आहे याची यादी खरी असायला हवी. मध्यरात्री तोंडी चावी देऊन ‘सकाळी सिस्टीममध्ये टाकू’ म्हणणं त्यासाठीच धोक्याचं.

प्रत्यक्ष हलताना दोन माणसं बरोबर होती, ड्युटी मॅनेजर आणि सामान घेणारा मुलगा. बॅगा पाहुणींनी स्वतः भरल्या, त्यांच्या वस्तूंना कुणी हात लावला नाही. लॉबीत किंवा लिफ्टमध्ये नवा नंबर मोठ्याने उच्चारला नाही. एकट्या राहणाऱ्या पाहुण्यासाठी हे तपशील फार मोठे असतात.

भरपाई

६४१ च्या दारात, सामान आत गेल्यावर, ड्युटी मॅनेजर एवढंच म्हणाल्या, ‘‘आजच्या रात्रीचे पैसे आम्ही लावणार नाही. खोलीचा दर तोच राहील. आता तुम्ही झोपा, बाकी काही असेल तर सकाळी बोलू.’’ अर्ज नाही, सही नाही, ‘वरिष्ठांना विचारून सांगते’ नाही. एका रात्रीचं भाडं माफ करण्याचा अधिकार त्यांच्या पदाला होता. रिसेप्शनच्या मुलाला फक्त दहा टक्क्यांचा होता, आणि खोलीचा प्रकार बदलण्याचा तर नव्हताच. म्हणून त्याने त्याच प्रकारातली खोली शोधली आणि ती ७१४ निघाली. त्याची निवड वाईट होती खरी, पण त्याच्यासमोर ठेवलेल्या पर्यायांतून तीच पहिली दिसत होती.

एका रात्रीचं भाडं का, अर्धं का नाही, तिन्ही रात्रींचं का नाही? कारण गेलेली गोष्ट एका रात्रीची झोप होती. भरपाई त्रासाच्या मापाची असली की पाहुण्याला ती पटते. कमी असली तर चिडचिड होते. फार जास्त असली तर अवघडल्यासारखं वाटतं, आणि कधीकधी आपण काय लपवतोय असा संशय येतो.

हॉटेल पूर्ण भरलेलं असतं तर? तेव्हा ६४१ नसती. मग पर्याय तोकडे आहेत, आणि ते तोकडे आहेत हे पाहुण्याला सरळ सांगावं. गळणारा फ्लश शोधून त्या खोलीचा कॉक बंद केला तर पंप रात्रभर शांत राहू शकतो, पण झोपलेल्या पाहुण्यांच्या खोल्यांत जाऊन तो शोधता येत नाही. पंपच बंद केला तर वरच्या मजल्यांचं पाणी जातं. इअरप्लग ठोक्याच्या आवाजाला फारसे पुरत नाहीत, कारण तो पलंगाच्या डोक्याकडच्या पाटीतूनही जाणवतो. पलंग भिंतीपासून हातभर पुढे ओढल्याने थोडा फरक पडतो. हे सगळं करूनही झोप येत नसेल तर शेजारच्या हॉटेलात खोली घेऊन, जाण्या-येण्याची सोय करून, खर्च आपण उचलून पाहुण्याला पाठवणं हाच प्रामाणिक मार्ग उरतो.

सकाळ आणि त्यानंतर

रात्रपाळीने दिवसपाळीला लेखी कळवलं होतं. त्यामुळे सकाळी रिसेप्शनवरून कुणीही ‘‘झोप छान झाली ना?’’ असं हसून विचारलं नाही. फ्रंट ऑफिस मॅनेजर पाहुणींना निघताना दोन मिनिटं भेटले. कारण सापडलंय का, हे त्यांनीच सांगितलं: अजून नाही, शोध चालू आहे. संध्याकाळी कारण कळल्यावर पाहुणींना छोटा निरोप ठेवला, पंप आणि क्लॅम्पबद्दल, दोन ओळींत. त्यांनी वाचून रिसेप्शनला फोन केला आणि म्हणाल्या, ‘‘बरं झालं कळवलंत. मला वाटलं होतं, मलाच भास होतायत.’’

तक्रार उत्तम निस्तरली तर ग्राहक मुळात चूक झालीच नसती त्यापेक्षाही जास्त खूश होतो, असं या क्षेत्रात बोललं जातं. मॅककॉलो आणि भारद्वाज या अभ्यासकांनी १९९२ मध्ये याला ‘सर्व्हिस रिकव्हरी पॅराडॉक्स’ असं नाव दिलं. पण २००७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात हा परिणाम समाधानाच्या बाबतीत दिसला, पुन्हा येण्याच्या इराद्याच्या बाबतीत नाही. माझ्या अनुभवाशी हे जुळतं. या पाहुणी जाताना मनापासून आभार मानून गेल्या. त्या पुन्हा याच हॉटेलात उतरतील का, हे त्या आभारांवरून ठरवू नये. आणि समजा पॅराडॉक्स खरा असला तरी तो दुहेरी चुकीनंतर मिळवणं फार कठीण. पहिल्या फोनवर आवाजाचा भाग लिहिला गेला असता, तर अकरा वाजता ६४१ देता आली असती.

पुढच्या आठवड्यांत हॉटेलने तीन गोष्टी बदलल्या. प्रेशर टाकीत हवा भरली आणि ती दर तीन महिन्यांनी तपासायचं ठरलं. तपासताना टाकीतलं पाणी काढून टाकावं लागतं, नाहीतर पाण्याचा दाबच हवेचा दाब म्हणून मोजला जातो, आणि आधी नेमकं तेच होत आलं होतं. १४ च्या रांगेतले क्लॅम्प रबरासह बदलले. ते होईपर्यंत त्या रांगेतल्या वरच्या मजल्यांच्या खोल्या सर्वात शेवटी विकायच्या असं ठरलं. गळणारा फ्लश ४१२ मध्ये सापडला, फ्लश टँकमध्ये रंग टाकून. अर्ध्या तासात रंगीत पाणी खाली भांड्यात उतरलं.

दुसरं, रिसेप्शनच्या काउंटरमागे इमारतीचा एक साधा नकाशा लावला. कोणत्या रांगा एका शाफ्टवर, लिफ्टची भिंत कुठे, मधली दारं कुठे, सभागृहाच्या वर कोणत्या खोल्या, गच्चीवरच्या यंत्रांच्या खाली कोणत्या. तक्रारी आता पाहुण्याच्या नावाबरोबर खोलीच्या नावाखालीही जातात.

तिसऱ्या बदलाला सुरुवातीला विरोध झाला. न तपासलेली खोली रात्री देताच येणार नाही, असं सिस्टीममध्ये बसवलं. रिसेप्शनचं म्हणणं होतं की रांग लागेल, पाहुणे लॉबीत ताटकळतील. काही संध्याकाळी ते खरंही ठरलं. मग हाउसकीपिंगची एक सुपरवायझर रात्री अकरापर्यंत ठेवली, आणि त्यानंतर तपासणीचं काम ड्युटी मॅनेजरकडे दिलं. तरीही एखाद्या भरगच्च रात्री पाहुण्याला दहा मिनिटं थांबावं लागतं. तेव्हा ‘‘खोली तयार आहे, फक्त आम्ही एकदा बघून येतो,’’ असं सांगितलं तर बहुतेक लोक थांबतात.